खोलीतला हत्ती, गोठ्यातला साप

गावात ज्याला इंग्रजी येतं, त्यानं ते शक्यतो कुणाला कळू देऊ नये. मी तरुणपणी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो, एवढाच माझा गुन्हा. पण चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावात तेवढ्या भांडवलावर खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर, विम्याचे कागद, म्हशीच्या इंजेक्शनची बाटली आणि नातवंडांच्या शाळेच्या सूचना, सगळं वाचून घ्यायला माझ्याकडं येतं. त्यातलं निम्मं मला कळत नाही. पण चष्मा कपाळावर चढवून "हं" म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं आणि पुढचं दुकानदार बघून घेतो.

याच "हं"नं मला गोत्यात आणलं. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या एका संस्थेचा तरुण कार्यकर्ता लॅपटॉप पोटाशी धरून आमच्या सोप्यात आला. सर्पदंश झाल्यावर काय करायचं, यावर गावात बैठक घ्यायची होती.

"डेक तयार आहे, सर. फक्त मराठीत बोलायचं स्क्रिप्ट करायचंय. एका संध्याकाळचं काम."

"हं," मी म्हणालो.

डेक म्हणजे स्लाइडांचा गठ्ठा. स्लाइड 42. मूळ माल अमेरिकेतला. पुण्यात त्यावर कुणीतरी घाईघाईनं मराठीचा हात फिरवला होता. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात शीर्षक होतं : 'गवतातला साप'. इंग्रजीत यात काहीतरी कोटी असणार. मी ते शेजारच्या आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा तंबाखू मळायचे थांबले.

"गवतात साप असणारच की. न्हाईतर काय झाडाला टांगून ठेवायचा? पुढं वाचा."

पुढच्याच स्लाइडवर अपघात झाला. तिथं लिहिलं होतं : 'खोलीतला हत्ती : भगत आणि मांत्रिक'. ज्या गोष्टीबद्दल बोलायला सगळे कचरतात तिला इंग्रजीत म्हणे खोलीतला हत्ती म्हणतात. महाराष्ट्रातल्या बाकी कुठल्याही तालुक्यात हे वाक्य खपून गेलं असतं. पण चंदगडात हत्ती खोलीत नसतो, भातात असतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्ग-चंदगड-आजरा भागात उतरले, तेव्हापासून 'हत्ती' हा शब्द उच्चारला की आमच्याकडं फक्त एकच विषय निघतो, नुकसानभरपाई. सरपंचांनी माझ्या खांद्यावरून स्लाइड बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हत्तीचा विषय घेताय? लय बरं केलंसा. मग वनखात्याला बी बोलवूया. पंचनाम्याचे कागद घेऊन येतो."

"अहो, तो हत्ती नव्हे."

"मग कुठला? टस्कर?"

त्या स्लाइडवर मी जागच्या जागी काट मारली. हत्ती काढला आणि भगत ठेवला. पण भगताची स्लाइड कशी बोलायची, हे पुढं बरेच दिवस सुटलं नाही. त्यावर येतोच.

खरी दमछाक सापांनी केली. डेकमधला नायक होता रॅटलस्नेक. तो बहुधा शेपटीचा खुळखुळा वाजवून सूचना देतो आणि मग चावतो. हायकिंगला निघालेलं गोरं जोडपं, उंच बूट, हातात काठी, मागं लाल डोंगर. सूचना अशी : 'खुळखुळा ऐकू येताच थांबा.' हे आमच्या लोकांना सांगितलं असतं तर पावसाळाभर लोक खुळखुळ्याची वाट बघत बसले असते. आमच्याकडच्या सापांपैकी कुणाच्याच शेपटीला वाद्य नाही. सांगायचं तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार सांगायला हवेत. भारतात विषारी दंशाचं बहुतेक नुकसान हेच चौघे करतात आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिसर्पविष याच चौघांच्या विषाविरुद्ध बनवलेलं असतं. ते घोड्याच्या रक्तापासून तयार होतं, ही माहिती डेकमध्ये तळटीपेत होती. बैठकीत मात्र तीच सगळ्यात जास्त आवडणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौघांची ओळख डेकच्या पद्धतीनं करून द्यायची तर कूळ, प्रजाती, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि विषाचा प्रकार. मी तसं लिहून आईला वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. 'मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष' इथपर्यंत आलो तेव्हा तिनं सुपातून मान वर केली.

"हे कोण बोलतंय रे? तू का पुण्याचा सायेब?"

"मीच."

"मग तुझ्या तोंडानं बोल. कुठला साप कुठं गाठ पडतो ते सांग. त्याचं कूळ कशाला, सोयरीक करायचीय व्हय?"

सोयरीक करायची नव्हती. मग मी प्रजातीऐवजी जागा धरली. उंदरामागं घरात, कोंबडीच्या खुराड्यात शिरतो तो नाग. उसात, गवतात, बांधावर वेटोळं करून पडलेली असते आणि पाय जवळ आला की कुकरच्या शिट्टीगत फुत्कारते ती घोणस. दगड उचलल्यावर खाली बसलेलं असतं, अंगाला अंग घासून करकर आवाज करतं ते फुरसं. आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते ती मण्यार. आईनं मान डोलावली आणि पुन्हा सुपाकडं वळली. तिनं खडे निवडायला सुरुवात केली की वाक्य पास, असा आमचा नियम ठरला.

मण्यारीची स्लाइड मला सगळ्यात जड गेली आणि सगळ्यात महत्त्वाचीही तीच होती. डेकमध्ये इतकंच : 'पहाटे पोटदुखी, पापण्या पडणे, गिळताना त्रास. दंशाची खूण अनेकदा दिसत नाही.' प्रत्येक शब्द खरा. पण तुकड्यातुकड्यांत लिहिलेलं हे वाक्य ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढं काही उभं राहील तर शपथ. मण्यार चावते तेव्हा बऱ्याचदा दुखतही नाही, सुजतही नाही. झोपलेल्या माणसाला वाटतं डास किंवा मुंगी. मग पहाटे पोटात कळ येते. आमच्याकडं पहाटे पोटात कळ आली की घरातले आधी काल रात्री काय खाल्लं याची चौकशी करतात, म्हाई असेल तर मटणाला शिव्या देतात, ओवा चावायला देतात आणि जाणकार असेल तर पित्ताची गोळी. यात जो वेळ जातो तो मण्यारीचा. तोवर माणसाला थुंकी गिळता येत नाही, पापण्या वर उचलत नाहीत, तो मान मागं टाकून पापण्यांच्या फटीतून बघायला लागतो. पुढं श्वास अडकतो.

म्हणून मी लिहिलं : 'रात्री जेवून बरा झोपलेला माणूस पहाटे उठून पोट धरून बसला, घसा आवळतोय म्हणाला आणि त्याचे डोळे उघडेनात, तर मटणाला दोष देऊ नका. अंगावर खूण शोधत बसू नका. गाडी काढा.' आणि उपाय म्हणून डेकमध्ये 'उंच पलंगावर झोपा' होतं, ते बदलून मच्छरदाणी लिहिलं. पलंग सगळ्यांकडं नसतो आणि असला तर त्यावर धान्याची पोती असतात, माणसं खालीच असतात. मच्छरदाणी मात्र घरोघरी असते. तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचल्या तर साप आत येत नाही. आमच्याकडं ती तीन बाजूंनी खोचून चौथी बाजू रात्री उठायला सोयीची म्हणून मोकळी ठेवतात. ती चौथी बाजू मी स्क्रिप्टमध्ये खास लिहिली.

आकड्यांचं निराळंच. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं दर वर्षी सरासरी 58,000 माणसं दगावली, असा एक अभ्यास डेकमध्ये होता. खाली चित्र : एक भरलेलं फुटबॉल स्टेडियम. आमच्या गावात स्टेडियम भरलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी कागदावर भागाकार केला. दर तासाला सहा-सात माणसं. बैठक दीड तासाची. म्हणजे ती सुरू होऊन संपेपर्यंत देशात दहा माणसं. हे लिहून झाल्यावर मी जरा वेळ नुसता बसलो, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "अन् बैठक लांबली तर?"

यानंतर डेकमध्ये आला त्याचा मुकुटमणी : 'डू इट राइट'. आर म्हणजे धीर द्या, आय म्हणजे हालचाल थांबवा, जी-एच म्हणजे दवाखाना गाठा, टी म्हणजे डॉक्टरांना सगळं सांगा. इंग्रजीत फार सुबक आहे. कार्यकर्त्याचा फोनवर आग्रह होता की मराठीतही आद्याक्षरं जुळायलाच हवीत, त्यानं म्हणे लक्षात राहतं.

मी रात्रभर आद्याक्षरं जुळवली. धीर, हालचाल, दवाखाना, सांगणे : 'धहदसा'. हे लक्षात राहील, पण सर्पदंशाचा उपाय म्हणून नव्हे, सर्पदंशाचं लक्षण म्हणून. मग 'शांत, स्थिर, सरकारी, सांगा' असे एक श नि तीन स केले. ते फुरशाच्या आवाजासारखे निघत होते. शेवटी मी आशाताईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "सर, अक्षरं राहू द्या. आमच्या बचतगटाच्या बायका उखाण्याशिवाय काही पाठ करत न्हाईत." मी हसलो. हसायला नको होतं, पण ते नंतर.

खरी अडचण अक्षरांची नव्हतीच. स्लाइडवरच्या वाक्यांना कर्ता नसतो. 'अवयव स्थिर ठेवा. मदत मागवा. वाहतुकीची सोय करा.' कुणी? कागदावर हे चालून जातं. बैठकीत असं म्हटलं की शंभर माणसं एकमेकांकडं बघतात आणि प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्याला सांगितलं. शिवाय ज्याला साप चावलाय त्याला स्वतःला हे काहीच करायचं नाही, तो आडवा आहे. त्याच्याभोवती पंधरा माणसं जमलेली आहेत आणि पंधराही ओरडतायत. म्हणून मी त्या पंधरांतून तीन माणसं निवडली आणि त्यांना कामं वाटली.

पहिला माणूस चावलेल्याला आडवा करेल, त्याला चालू देणार नाही, आणि ज्या हाता-पायाला चावलंय त्याला, मोडलेल्या हाडाला बांधतो तशी बांबूची कामटी लावून सैल फडक्यानं बांधेल. दुसरा 108 ला फोन लावेल. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते, म्हणून दुसरा माणूस पळता येईल असाच हवा, हेही लिहिलं. तिसरा मोटारसायकल काढेल, कारण रुग्णवाहिका आमच्या वळणांवरून येईपर्यंत थांबण्यापेक्षा काही वेळा निघालेलं बरं. रुग्णाला मध्ये बसवायचं, पुढं चालवणारा, मागून धरणारा, दोघांच्या मध्ये तो.

हे वाचून आप्पांनी हरकत घेतली. "म्हणजे ट्रिपल सीट. फाट्यावर पोलीस धरतो."

"अहो, साप चावलेला माणूस बघून कोण धरेल?"

"गेल्या साली माझ्या मेव्हण्याला धरला. तो बी म्हणत होता साप चावलाय म्हणून."

"चावला होता?"

"न्हाई."

मग बाकीच्या बारा माणसांनी काय करायचं, हाही प्रश्न होता. डेकमध्ये त्याला 'काय करू नये' अशी स्लाइड होती. त्यात एक काउबॉय जखमेला तोंड लावून विष चोखताना दाखवला होता आणि त्यावर लाल फुली. काउबॉय काढायला मला फारसा विचार करावा लागला नाही. आपल्या हिंदी सिनेमातल्या नायकांनी बागेत नायिकेच्या पायाचं विष पिढ्यान् पिढ्या चोखलेलं आहे. तो नायक घेतला, फुली तीच ठेवली. बाकी फुल्या गावच्याच. सुतळीनं करकचून बांधायचं नाही, त्यानं रक्त अडकतं आणि पाय काळा पडायची पाळी येते. कुणी आधीच बांधलेलं असेल तर रस्त्यात फटकन सोडायचंही नाही, ते डॉक्टरांसमोर सोडायचं. ब्लेडनं चिरायचं नाही, कारण घोणस नि फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, चिरा दिला की वाहतच राहतं. मिरची, कडुलिंबाचा पाला खाऊ घालून 'तिखट लागतं का, कडू लागतं का' अशी परीक्षा घ्यायची नाही. आणि साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचा नाही. यावर गावात एकमत होणं अवघड होतं, कारण साप सोडला तर तो डूख धरतो ही आमच्याकडची पक्की समजूत. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, चौघांना औषध एकच आहे. साप आणायची गरजच नाही. मागं एकजण पिशवी घेऊन आले, ती टेबलावर ठेवली आणि तो मेलेला नव्हता." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सगळा वॉर्ड मोकळा झाला असणार. एक अपवाद मात्र त्यांनी मला लिहून घ्यायला लावला : आंबोलीकडच्या जंगलात हिरवा चापडा असतो, त्याच्या विषावर हे औषध लागू पडत नाही. तो चावला तर दुखतं-सुजतं फार, जीव सहसा जात नाही, पण दवाखान्यात यायचंच.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट घालायला सांगितली, जी डेकमध्ये संक्षेपात होती आणि मला कळलेली नव्हती. "लोक आल्या आल्या भांडतात. म्हणतात, साप चावलाय आणि तुम्ही इंजेक्शन देत नाही. त्यांना सांगा, आम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतो, वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग नळी तिरकी करतो. रक्त गोठलं नसेल तर विष चढलंय. पापण्या बघतो, सूज बघतो. लक्षणं दिसली की औषध. नुसता साप चावला म्हणून देत नाही, त्या औषधाचीही रिअॅक्शन येते. आणि काही दिसलं नाही तरी चोवीस तास ठेवून घेतो." मी लिहिलं : 'डॉक्टर घड्याळाकडं बघत बसलेत असं वाटलं तर आवाज चढवू नका. ते नळीकडं बघतायत.'

डेकमध्ये या सगळ्याला 'गोल्डन अवर' म्हटलं होतं आणि पुण्यात त्याचं 'सोनेरी तास' झालं होतं. आईनं विचारलं, "मुहूर्त हाय का?" तोही तास काढला. 'जितकं लवकर तितकं बरं' एवढ्यावर भागलं.

राहता राहिला भगत. डेकमध्ये त्याला अंधश्रद्धेचं मूळ म्हटलं होतं. हे वाक्य गावात उच्चारायचं तर भगत पहिल्या रांगेत बसणार, शिवाय तो सरपंचांचा चुलतभाऊ. पण आकडे बघताना मला त्याच्या यशाचं गुपित सापडलं. चावणाऱ्या दहा सापांतले सातेक बिनविषारीच असतात, आणि विषारी चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मारुतीच्या पारावर आणलेल्या दहांतले आठजण मंत्र घातला तरी उठून बसणार आणि अंगारा लावला तरी उठून बसणार. भगताची कीर्ती अशी वाढते. दवाखान्याला एवढा निकाल कधी लागत नाही, कारण तिथं आधी पारावर थांबलेला माणूस उशिरानं पोचतो.

हे सांगायचं म्हटलं तर डॉक्टरबाई घाबरल्या. "सात बिनविषारी असं सांगितलंत तर प्रत्येकाला वाटेल आपण त्या सातांतले." त्यांचं बरोबर होतं. आमच्या गावात लॉटरीचं तिकीट काढताना प्रत्येकाला जसा विश्वास असतो तो मला माहीत आहे. पण चावलेल्याला धीर द्यायचा तर हाच आकडा उपयोगी, घाबरून पळणाऱ्याचं विष लवकर पसरतं. शेवटी वाक्य असं बसलं : 'दहांतले सात वाचणारच आहेत, पण ते सात कोण हे डॉक्टरनं ठरवायचं.' आणि पुढं एक ओळ, 'भगताला बरोबर घ्या, गाडीत मंत्र म्हणू दे.' कार्यकर्त्यानं ही ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही. सरपंचांनी तीच सगळ्यात जास्त उचलून धरली.

बैठक मारुतीच्या देवळात, दुपारी चारला. सहाला डेअरीत दूध घालायचं असतं, त्यामुळं साडेपाचला जो बोलत असेल तो एकटाच उरतो. 42 स्लाइडांतल्या मी बारा ठेवल्या होत्या. पहिलीच घोणशीचा फोटो. पडद्यावर फोटो आला आणि बैठक माझ्या हातातून गेली.

"ही घोणस न्हवं, डुरक्या हाय."

"डुरक्याचं शेपूट आखूड असतंय. ही घोणसच."

"आमच्या मळ्यात निघाली ती हीच. हातभर होती."

"हातभर? गेल्या खेपेला तू दोन हात सांगितलीस."

"आता मोठी झाली असंल."

डुरक्या घोणस हा बिनविषारी, गरीब साप. त्याच्यावर घोणस समजून काठ्या पडतात आणि खऱ्या घोणशीला डुरक्या समजून लोक हातात धरतात. हे माझ्या स्क्रिप्टमध्ये तिसऱ्या पानावर होतं, पण लोकांनी ते माझ्याशिवायच पूर्ण केलं. त्यानंतर ज्याच्या त्याच्या घरातला साप निघाला. घोड्याच्या रक्तापासून औषध बनतं हे सांगितलं तेव्हा दहा मिनिटं घोड्यांवर गेली. घोडा जगतो का, त्याला काय खायला घालतात, आमचा खोंड चालेल का. तीन माणसांची कामं मात्र सगळ्यांनी ऐकली, कारण कोण कुणाच्या घरी पळणार याची लगेच वाटणी सुरू झाली. टाकीपाशी फोन लावायला पळायचं काम आप्पांच्या नातवाला मिळालं. त्याचा पगार काय, हे आप्पांनी विचारून घेतलं.

अडलं ते दागिन्यांपाशी. डेकमध्ये साधं होतं : 'घड्याळ आणि दागिने काढा.' सूज वाढली की अंगठी, पैंजण, बांगडी मांसात रुततात आणि रक्त अडकतं. मी घड्याळाच्या जागी 'जोडवी, पैंजण, बांगड्या' लिहून मोकळा झालो होतो. ते वाचलं आणि बायकांच्या बाजूला सगळं गप्प झालं. सवाशिणीच्या पायातली जोडवी काढायची, आणि तीही नवरा समोर उभा असताना? कुणी काही बोलेना. मग पाठीमागून आक्का उठल्या. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आणि गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची.

"काढायची," आक्का म्हणाल्या. "बोटं ऱ्हायली तर जोडवी परत घालता येतात. नुसती जोडवी घरात ठिवून काय करशिला? आन् काढताना म्हाताऱ्या बाईनं काढायची, म्हंजी कुणी नाव ठेवणार न्हाई. मला बोलवा."

माझ्या कागदावर हा चौथा माणूस नव्हता. मी तिथल्या तिथं लिहिला.

खाली बसता बसता आक्कांना आशाताईंनी काहीतरी सुचवलं. बायका हसायला लागल्या. "घ्या की नाव, आक्का!" आक्का पुन्हा उठल्या, पदर सारखा केला आणि एका दमात म्हणाल्या :

दोरी नको, चिरा नको, नको भगताचा धूर,
पाय ठेवा निश्चळ, दवाखाना न्हाई दूर,
मधी बसवून गाडीवर नेलं डॉक्टरच्या दारी,
ह्यांचं नाव घेते, इंजेक्शन हाय सरकारी!

देवळात टाळ्या आणि शिट्ट्या. भगतही हसला, धुराचा उल्लेख असून. मी जागेवर बसून तपासत होतो : हालचाल आली, दवाखाना आला, दोरी-चिरा आले. धीर राहिला. मी हळूच तसं म्हटलं.

"उखाणा ऐकून हसला त्याला धीर आला न्हाई तर काय आलं?" आक्का म्हणाल्या. आणि दूध घालायची वेळ झाली म्हणून सगळे उठले. माझ्या पाच स्लाइड राहिल्या होत्या, त्यातली एक आभाराची.

पुढच्या आठवड्यात कार्यकर्त्याचा फोन आला. संस्थेला अहवाल पाठवायचा होता, इंग्रजीत. मी बैठकीत जे जे बदललं ते सगळं परत डेकमध्ये घालायचं होतं, प्रत्येकी पाच ओळींच्या आत, कर्त्याशिवाय. मच्छरदाणीची चौथी बाजू, टाकीपाशी पळणारा पोरगा, वीस मिनिटांची नळी, सगळं मी पाठवलं. उखाणाही पाठवला, अर्थासकट. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं.

"सर, 'ह्यांचं नाव घेते' म्हणजे नेमकं कुणाचं नाव? अहवालात संपर्क व्यक्तीचा रकाना आहे."

मी कळवलं की ते नाव गेली साठ वर्षं कुणी ऐकलेलं नाही. त्यावर त्यानं तो रकाना कोरा ठेवला आणि स्लाइडला शीर्षक दिलं : 'कम्युनिटी-लेड ऱ्हायमिंग इंटरव्हेन्शन'. आता दुसऱ्या जिल्ह्यात बैठक आहे, आणि तिथल्या कुणा बी.ए.ला ही स्लाइड मराठीत करून द्यायची आहे.